टाकीतला भोवरा आणि पंपाच्या तोंडची हवा

हात धुण्याच्या भांड्यातील पाणी संपत येते तेव्हा मोरीच्या भोकातून येणारा गुरगुराट आपण सर्वांनी ऐकला आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रथम एक खळी पडते, ती खोल होत जाते आणि शेवटी तिचे टोक भोकापर्यंत पोहोचून हवा व पाणी एकत्रच खाली जाऊ लागतात. घरात ही गंमत असते. परंतु हाच प्रकार पंपाला जोडलेल्या टाकीत घडला तर त्यात गंमत राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या कारखान्यात आग विझविण्याच्या साधनांची चाचणी चालली होती, ती पाहण्याचा योग मला आला. जमिनीवरची मोठी टाकी, तिला जोडलेला पंप आणि पुढे नळ्यांचे जाळे अशी तेथील व्यवस्था होती. पंप सुरू झाला, नळीतून पाण्याची जोरदार धार सुटली आणि काही काळ सर्व सुरळीत चालले. मग धार एकाएकी तुटू लागली. फुर्र असा आवाज करीत ती फेस टाकू लागली आणि थोड्या वेळाने पंप नुसताच फिरत राहिला. सर्वांना वाटले, टाकी रिकामी झाली. वर चढून पाहिलेल्या मुकादमाने मात्र खाली ओरडून सांगितले, “साहेब, पाणी आहे की अजून! मांडीइतकं आहे, पण पंप घेत नाही.” खरोखरच टाकीत हजारो लिटर पाणी शिल्लक होते, पण आगीच्या वेळी ते असून नसल्यासारखेच ठरले असते. पंप ते पाणी का घेत नव्हता, याचा उलगडा आज आपण करू.

प्रथम भोवरा निर्माण कसा होतो ते पाहू. टाकीतील पाणी आपल्याला स्थिर दिसते, पण ते क्वचितच पूर्ण स्थिर असते. टाकीत पाणी आणणारा नळ एका बाजूला असतो, निर्गमाचे तोंड एखाद्या कोपऱ्याजवळ असते, एक भिंत जवळ तर दुसरी दूर असते. अशा कोणत्याही विषमतेमुळे तोंडाकडे येणारे पाणी सरळ न येता किंचित वळसा घेऊन येते. सुरुवातीला हा वळसा इतका मंद असतो की डोळ्यांना तो जाणवतही नाही.

परंतु पाणी जसजसे तोंडाजवळ सरकते तसतसा त्याचा फिरण्याचा वेग वाढतो. दोरीला दगड बांधून गरगर फिरवा आणि दगड फिरत असतानाच दोरी हळूहळू आत ओढून घ्या. दोरी आखूड होत जाते तसा दगड अधिकाधिक वेगाने फिरू लागतो. पाण्याचेही तसेच आहे. केंद्रापासूनचे अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार जवळजवळ कायम राहतो. अंतर निम्मे झाले की वेग दुप्पट, अंतर दशांश झाले की वेग दहापट. समजा, तोंडापासून ५० सेंटिमीटरवर पाणी सेकंदाला अवघे २ सेंटिमीटर या वेगाने फिरत आहे. हा वेग मुंगीच्या चालीसारखाच म्हणायचा. तेच पाणी १० सेंटिमीटरवर आले की वेग १० सेंटिमीटर होतो, १ सेंटिमीटरवर १०० होतो आणि अर्ध्या सेंटिमीटरवर २०० होतो. दूरवरचा नगण्य वळसा मध्याशी येईपर्यंत सेकंदाला दोन मीटरांची घुसळण बनतो.

आता या घुसळणीमुळे पृष्ठभाग खचतो का, हा पुढला प्रश्न. कोणतीही वस्तू वर्तुळात फिरत राहावी यासाठी तिला सतत मध्याकडे ढकलावे लागते. दगडाच्या बाबतीत हे काम दोरी करते. पाण्याच्या बाबतीत दोरी नाही, म्हणून ते काम दाबाला करावे लागते. बाहेरच्या बाजूस दाब अधिक आणि आतल्या बाजूस कमी, अशी उतरण असेल तरच पाणी वळत राहील. उघड्या टाकीत पृष्ठभागावरचा दाब सर्वत्र हवेचाच, म्हणजे सारखा असतो. तेव्हा दाबाची ही उतरण पाण्याच्या उंचीतूनच यावी लागते. बाहेर पाणी उंच आणि मध्याशी ठेंगणे. हीच ती खळी. पाण्याला हवा आवडते म्हणून ती ओढली जाते असे नव्हे, तर फिरणाऱ्या पाण्याने मध्यभागी सोडलेली जागा वरच्या वातावरणाच्या दाबाने हवा भरून काढते.

खळीची खोली वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वरच्याच आकड्यांवर हिशेब केला तर १० सेंटिमीटर अंतरावर पृष्ठभाग अर्धा मिलिमीटरच खाली जातो. १ सेंटिमीटर अंतरावर तो सुमारे ५ सेंटिमीटर खाली जातो आणि अर्ध्या सेंटिमीटरवर सुमारे २० सेंटिमीटर. म्हणूनच भोवरा पसरट ताटासारखा न दिसता निमुळत्या नरसाळ्यासारखा दिसतो. वेग असाच अमर्याद वाढत मात्र जात नाही. अगदी गाभ्यात पाण्याचा चिकटपणा आड येतो आणि तेथले पाणी एखाद्या फिरत्या दांड्याप्रमाणे एकसंध फिरते. हा गाभा अर्धा सेंटिमीटर त्रिज्येचा धरला तर त्याच्या आत पृष्ठभाग आणखी तितकाच, म्हणजे २० सेंटिमीटर खचतो. एकूण खळी झाली सुमारे ४० सेंटिमीटरांची. निर्गमाचे तोंड पृष्ठभागाखाली एक मीटरवर असेल तर या खळीचे टोक वरच राहील आणि पंपाला तिची दादही लागणार नाही. पाणी उतरत उतरत तोंडावर ४० सेंटिमीटरच उरले, की खळीचे टोक तोंडाला टेकते आणि हवेला पंपापर्यंत उघडा रस्ता मिळतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण “इतका वेळ ठीक चालले आणि मग एकाएकी बिघडले” याचे कारण तो स्पष्ट करतो.

येथे एक शंका निघेल. हा वळसा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो असे आपण शाळेत ऐकले आहे, त्याचे काय? ते खोटे नाही, पण टाकीच्या बाबतीत अगदी गौण आहे. आपल्या भागात पृथ्वीच्या परिवलनाने ५० सेंटिमीटर अंतरावर मिळणारा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका येतो, म्हणजे आपण धरलेल्या मंद वळशाच्याही हजार-दोन हजारपट कमी. १९६२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत प्राध्यापक शपिरो यांनी हा परिणाम दाखवून दिला, पण त्यासाठी त्यांना सहा फूट व्यासाच्या टाकीतले पाणी चोवीस तास निश्चल राहू द्यावे लागले. कारखान्याच्या टाकीत अशी निश्चलता कोठून येणार? तेथे भोवरा कोणत्या दिशेने फिरेल हे पृथ्वी ठरवत नाही. नळ, कोपरा आणि भिंत हीच ते ठरवतात.

आता पंपाकडे वळू. साध्या अपकेंद्री पंपात एक पात्यांचे चाक वेगाने फिरते आणि पाण्याला बाहेर फेकते. पाणी जड म्हणून कडेला जाते, हवा हलकी म्हणून चाकाच्या मध्याशी, नेमकी जेथून नवे पाणी आत यावयाचे असते तेथेच साठते. पाण्यात शेकडा दोन-तीन भाग हवा मिसळली तरी पंपाची उंची गाठण्याची ताकद घटू लागते. हवा शेकडा दहाच्या आसपास गेली की बहुतेक साधे पंप पाणी फेकणेच सोडून देतात. तेव्हा भोवऱ्याचे टोक तोंडाला नुसते टेकले तरी पंप लगेच बंद पडेल असे नाही. तो प्रथम कुरकुरतो, मग धापा टाकतो आणि शेवटी कोरडा फिरतो. कोरडा फिरणारा पंप तापतो आणि त्याच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग जळते, हे नुकसान वेगळेच.

पंप हवा घेत आहे हे कसे ओळखावे? दाबाच्या घड्याळाचा काटा थरथरतो, विजेच्या मीटरचा काटा मागेपुढे होतो आणि पंपाच्या पोटात खडे खडखडल्यासारखा आवाज येतो. पण ही लक्षणे इतर बिघाडांतही दिसतात. शोषनळीच्या सांध्यातून हवा आत शिरत असेल तरी हेच घडेल. दोहोंत भेद करण्याची युक्ती सोपी आहे. टाकी भरून पाण्याची पातळी वर आणा. लक्षणे नाहीशी झाली आणि पातळी उतरताच पुन्हा दिसू लागली, तर दोष भोवऱ्याचा समजावा. टाकी भरलेली असतानाही ती तशीच राहिली, तर सांधे तपासावेत. यापेक्षा सोपे म्हणजे टाकीत डोकावून पाहणे. भोवऱ्याच्या वाढीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम पृष्ठभाग नुसता गोल फिरतो, मग लहान खळी पडते, मग पाण्यावरचा केरकचरा खाली ओढला जातो, मग हवेचे सुटे बुडबुडे जातात आणि शेवटी अखंड हवेची नळी तयार होते. कचरा ओढला जाताना दिसला की पुढची पायरी फार दूर नाही असे जाणावे.

यावर पहिला उपाय म्हणजे तोंड पुरेसे खोल ठेवणे. किती खोल, याचा एक नियम पंपतज्ज्ञांमध्ये रूढ आहे. तोंडातून जाणाऱ्या पाण्याचा वेग घ्यावा आणि त्याला तोंडाचा व्यास व गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागावे. येणाऱ्या संख्येला विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यावरून फ्रूडचा अंक म्हणतात. या अंकाला २.३ ने गुणून त्यात १ मिळवावा आणि त्याने व्यासाला गुणावे. तेवढे पाणी तोंडावर कमीत कमी असले पाहिजे. आपण एक उदाहरण घेऊ. टाकी ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, पाणी दोन मीटर खोल, म्हणजे भरली असता ४०,००० लिटरांची. शोषनळी १० सेंटिमीटर व्यासाची. ती भिंतीतून आत येऊन खाली वळली आहे आणि तिचे तोंड तळापासून १५ सेंटिमीटरवर आहे. पंप सेकंदाला १२ लिटर पाणी घेतो. नळीतला वेग मग सेकंदाला सुमारे दीड मीटर होतो आणि फ्रूडचा अंकही दीडच्या जवळपास येतो. नियमाप्रमाणे तोंडावर सुमारे ४५ सेंटिमीटर पाणी हवे. तोंड तळापासून १५ सेंटिमीटर वर असल्याने टाकीत एकूण ६० सेंटिमीटर पाणी नेहमी शिल्लक ठेवावे लागेल. मुकादमाच्या भाषेत मांडीइतके!

या ६० सेंटिमीटर पाण्याचे मोल काय? पाच गुणिले चार गुणिले ०.६, म्हणजे १२,००० लिटर. सेकंदाला १२ लिटर दराने ते हजार सेकंदांचे, जवळजवळ १७ मिनिटांचे पाणी झाले. टाकी ४०,००० लिटरांची असे फलकावर लिहिले, तरी आग विझविण्यासाठी ती २८,००० लिटरांचीच आहे. सरकीच्या ढिगाला लागलेल्या आगीत १७ मिनिटे म्हणजे काय, हे त्या धंद्यातील माणसाला सांगावयास नको.

दुसरा उपाय म्हणजे आडपत्रा, कारखान्यात ज्याला बॅफल म्हणतात तो. आपल्या उदाहरणात नळीच्या खाली वळलेल्या तोंडाभोवती, गळ्याभोवती कॉलर असावी तसा, एक सपाट लोखंडी पत्रा आडवा जोडावयाचा. आता वरून सरळ खाली येऊन कडेने तोंडात शिरणारी वाट बंद झाली. पाण्याला पत्र्याच्या कडेखालून आत यावे लागते आणि मग वर तोंडात चढावे लागते. खळीचे टोक खाली आलेच तर ते पत्र्यावर आपटते. तेथे पत्र्याच्या घर्षणाने गाभ्याचे फिरणे मंदावते आणि हवेची नळी तोंडापर्यंत जोडली जात नाही.

परंतु पत्र्याचा खरा गुण याहून खोल आहे. भोवऱ्याची सारी ताकद अगदी लहान वर्तुळांत असते, हे आपण पाहिले. अर्ध्या सेंटिमीटरवर २० सेंटिमीटर खळी, पण १० सेंटिमीटरवर अवघा अर्धा मिलिमीटर. पत्रा २० सेंटिमीटर बाजूचा चौरस असला तर हवेला आत शिरावयाचे दार तोंडाच्या काठावरून हलून पत्र्याच्या कडेवर, म्हणजे मध्यापासून किमान १० सेंटिमीटर दूर जाते. तेथे फिरण्याचा वेग थोडा आणि आत येणाऱ्या पाण्याचा वेगही थोडा. हिशेब करून पाहा. पत्र्याची चारही बाजूंची कड ८० सेंटिमीटर, खालची फट १५ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याला यावयास १,२०० चौरस सेंटिमीटरांचे दार मिळाले. नळीचे तोंड आहे अवघे ७८ चौरस सेंटिमीटरांचे. दार पंधरापट मोठे झाले, तेव्हा नळीत दीड मीटर असलेला वेग कडेपाशी सेकंदाला १० सेंटिमीटर उरतो. इतक्या मंद प्रवाहात पृष्ठभागाला खोल खळी पाडण्याची शक्तीच नसते.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या आग विझविण्याच्या टाक्यांविषयीच्या २२ क्रमांकाच्या मानकात हीच मापे सांगितली आहेत. पत्रा नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावा आणि तळापासून नळीच्या अर्ध्या व्यासाइतका, पण सहा इंचांहून कमी नव्हे इतका वर असावा. टाकीचे उपयोगी पाणी मोजताना ते पत्र्याच्या पातळीपर्यंत धरले जाते. आपल्या टाकीत मग शिल्लक ठेवावयाचे पाणी ६० ऐवजी १५ सेंटिमीटर, म्हणजे १२,००० ऐवजी ३,००० लिटर. एका पत्र्याने ९,००० लिटर पाणी, सुमारे साडेबारा मिनिटे, परत मिळाली. टाकी तीच, पंप तोच.

निर्गम खाली वळलेला नसून टाकीच्या तळालाच भोक असेल, तर दुसऱ्या प्रकारचे बॅफल वापरतात. दोन उभ्या पट्ट्या अधिकच्या चिन्हाप्रमाणे एकमेकींत बसवून भोकावर उभ्या करावयाच्या. पाण्याला भोकाभोवती लहान वर्तुळ पुरे करता येऊ नये एवढाच त्यांचा हेतू असतो. सारा जोर लहान वर्तुळांतच असल्याने पट्ट्या टाकीभर पसरावयास नकोत. भोकाच्या व्यासाच्या दुपटीइतकी लांबी सामान्यतः पुरते. याची प्रचिती घरीही घेता येते. बादलीच्या बुडाला भोक पाडून पाणी हाताने गोल फिरवा आणि गुरगुराट सुरू झाला की भोकावर उलथने उभे धरा. गुरगुराट थांबेल आणि पाण्याची धार भरदार होईल, कारण हवेच्या नळीने अडविलेली जागा पाण्याला परत मिळते.

चौकस वाचक येथे विचारतील की बाटली उलटी धरून गोल फिरवली तर ती लवकर रिकामी होते, मग भोवरा पाण्याला अडवतो कसा? बंद बाटलीत पाणी बाहेर पडावयाचे तर आत हवा शिरली पाहिजे. दोहोंची एकच वाट असल्याने त्यांची झटापट होते आणि भोवरा त्यांना वाट वाटून देतो. उघड्या टाकीत हवा वरून आपोआप येत असते. तेथे निर्गमातून हवा जाणे म्हणजे पाण्याची जागा फुकट घालविणे होय.

बॅफलच्याही मर्यादा आहेत. पाणी पत्र्याच्या खाली उतरले की तो निरुपयोगी, कारण मग हवेला भोवऱ्याची गरजच राहत नाही, ती कडेखालून थेट आत येते. पत्रा तळाच्या फार जवळ बसवला तर फट अरुंद होऊन पाणीच अडते. फटीची उंची व्यासाच्या चौथ्या भागाइतकी असली तर नळीच्या काठाखालचे दार नळीच्याच तोंडाइतके होते, त्याहून ती कमी असता कामा नये. टाकीत पडणाऱ्या नळाची धार तोंडाजवळच आदळत असेल तर ती स्वतःच बुडबुडे खाली नेते, आणि त्यावर पत्रा हा इलाज नव्हे, तेथे नळच हलवावा लागतो. शेवटची गोष्ट अशी की पत्रा पाण्याखाली असतो, म्हणून तो गंजतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या कारखान्यातील टाकी पुढे रिकामी करून पाहिली तेव्हा तिच्या तळाशी गंजलेल्या पत्र्याचे दोन तुकडे पडलेले सापडले. बॅफल बसवलेले होते, पण ते केव्हा गळून पडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. टाकी धुण्यासाठी रिकामी होते तो दिवस हेच त्याच्या तपासणीचे मुहूर्त होत. पत्र्यावर हातोडीने एक टोला मारून तो जागच्या जागी घट्ट आहे ना, एवढे त्या दिवशी पाहिले तरी पुरे.